पडद्यावरचा राम आणि सहाणेवरची देवी: प्रस्तावना

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दूरदर्शनवर रामानंद सागरांची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. मंजुरी ५२ भागांची होती, भाग झाले ७८. पाठोपाठ त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले आणि ते १९९० पर्यंत चालले. या साडेतीन वर्षांबद्दल प्रत्येक घरात एक तयार वर्णन असते. रस्ते ओस पडत, लोक आंघोळ करून टीव्हीसमोर बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. वर्णन खोटे नाही. पण माध्यमे आणि धर्म यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने तिथेच थांबले तर त्याच्या हाती फक्त एक गोड आठवण लागते. खरा प्रश्न पुढचा आहे: हार घालणाऱ्याच्या भक्तीत नेमके काय बदलले आणि काय जागचे हलले नाही?

हा प्रश्न दिल्लीत किंवा अयोध्येत विचारला जातोच. तो रत्नागिरीत विचारावा, असे मला वाटते. कारण रामकथा डोळ्यांनी पाहण्याची सवय या मुलखाला टीव्हीने लावलेली नाही. देव सोंग घेऊन समोर येतो, बोलतो, नाचतो आणि पहाटे सोंग उतरवतो, हे इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. शिवाय इथल्या गावाचा कारभार ज्या देवतेच्या कौलाने चालतो, तिचा रामायणाशी काडीचा संबंध नसतो. त्यामुळे टीव्हीचा प्रभाव कुठे पोचला आणि कुठे पोचला नाही, हे दोन्ही इथे एकाच वाडीत तपासता येते.

आधी काय होते ते पाहू. घरात चातुर्मासात श्रीधरांचा 'रामविजय' वाचला जाई. देवळात कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात आख्यान लावी. शिमग्यात नमनाचे खेळे येत: मृदंग, टाळ, गण, गवळण, मावशीची थट्टा, काळा झगा आणि उंच टोपी घातलेला संकासुर आणि मग रात्रभराचे वगनाट्य, ज्याचे कथानक बहुधा रामायण-महाभारतातले किंवा पुराणातले. गणपतीत जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात याच कथांतले पेच एकमेकांना घातले जात. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत दशावताराचा मुलूखही याच जिल्ह्यात होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कोणते आख्यान लावायचे ते ठरले, की नट रंगमंचावर उभ्या उभ्या भाषण रचतात. म्हणून प्रेक्षक आज कृष्णाचे काम कोण करतो हे विचारतात. अमक्याचा कृष्ण आणि तमक्याचा कृष्ण यांतला फरक त्यांना पाठ असतो.

प्रक्षेपणातून रामकथा ऐकण्याचा अनुभवही मराठी माणसाला नवा नव्हता. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, संगीत सुधीर फडक्यांचे, आठवड्याला एक नवे गीत, आणि सारे वर्षभर. ठरलेली वेळ, घरोघर एकाच क्षणी ऐकली जाणारी कथा, पुढच्या भागाची आठवडाभर वाट पाहणे, ही टीव्ही-रामायणाची म्हणून सांगितली जाणारी लक्षणे तिथे बत्तीस वर्षे आधी दिसतात. उत्तर भारतावरचे इंग्रजी अभ्यास मालिकेच्या आधीची परंपरा म्हणून रामलीला आणि मानसकथा यांच्याकडे पाहतात, ते त्या प्रदेशापुरते बरोबर आहे. मराठी अभ्यासकाने मात्र रेडिओ धरल्याशिवाय पुढे जाऊ नये. टीव्हीने नवीन काय आणले हे ठरवायचे, तर रेडिओने आधीच आणलेले वजा करावे लागते.

ही वजाबाकी केली की उरतो तो चेहरा. आवाज रेडिओने दिला होता, वेळ रेडिओने दिली होती. मालिकेने रामाला एकच एक चेहरा दिला आणि तो दीड वर्ष दर आठवड्याला घरात आणला. मालिका बारकाईने पाहिली तर हे कसे घडवले ते दिसते. रामाचा प्रवेश झाला की कथा पुढे सरकायची थांबते. कॅमेरा चेहऱ्यावर येतो आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथे राहतो. मग तो चेहरा पाहणाऱ्यांचे चेहरे एकामागून एक दिसतात: कौसल्या, लक्ष्मण, ऋषी, नगरजन. मग पुन्हा राम. तोवर रवींद्र जैनांचे गायन चालू असते. चित्रपटाच्या हिशेबाने ही गती रटाळ आहे आणि त्या वेळच्या इंग्रजी समीक्षकांनी तसे म्हटलेही. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० च्या लेखात दाखवून दिले, की ही संथ गती हा दोष नव्हता, ती दर्शनाची रीत होती. देवळात आपण मूर्तीसमोर उभे राहतो, तेव्हा काही घडण्याची वाट पाहत नाही. पाहणे हेच काम असते. मालिकेने ते काम पडद्यावर करू दिले आणि पाहणाऱ्या पात्रांचे चेहरे दाखवून कसे पाहायचे तेही शिकवले.

इथे मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. कौसल्येच्या भूमिकेत जयश्री गडकर होत्या, दशरथ त्यांचेच पती बाळ धुरी, मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. 'सांगत्ये ऐका' पाहिलेल्या पिढीला कौसल्या दिसली की आधी जयश्रीबाई दिसणार. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया यांच्या चेहऱ्यांना मराठी घरात असा पूर्वेतिहास फारसा नव्हता. म्हणजे एकाच चौकटीत एक ओळखीचा चेहरा नटाचा राहतो आणि दुसरा, अनोळखी, देवाचा होतो. दशावतार पाहणाऱ्याला हे गणित उलटे वाटायला हवे. तिथे नट ओळखीचा असूनही देव होतो, कारण देव सोंगात उतरतो आणि सोंगाबरोबर जातो. टीव्हीवर देव सोंगातून चेहऱ्यात शिरला. म्हणून त्या नटाने दुसरी भूमिका केली तर लोकांना खटकू लागले. दशावतारातल्या नटाला आज राम आणि उद्या राक्षस करताना असे कोणी अडवत नाही. भक्तीच्या रीतीतला हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो आणि त्यावर मराठीत पुरेसे काम झालेले नाही.

दुसरा बदल कथेच्या पाठाचा. मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर कंब, कृत्तिवास आदींची रामायणे आणि मराठीतले एकनाथांचे 'भावार्थरामायण'ही होते. सर्व प्रांतांचा मान राखल्याची ती खूण होती. प्रत्यक्ष गाभा मात्र 'रामचरितमानस'चा होता. उत्तरेतल्या घरात मानस पाठ असते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाने आपलीच पोथी पडद्यावर ओळखली. रत्नागिरीच्या घरात मानस नव्हते. इथे ओवी होती, श्लोक होते, आर्या होत्या आणि माडगूळकर होते. म्हणून त्याच मालिकेने उत्तरेत एक जुनी ओळख पक्की केली, तर इथे एक नवा पाठ आणून ठेवला. इथल्या रामनवमीत चौपाईचे सूर ऐकू आले, तर ते तुलसीदासांच्या परंपरेतून उतरले की रविवार सकाळच्या मालिकेतून, हे विचारायलाच हवे. परिणाम सारखा दिसला तरी वाट वेगळी असू शकते.

एकच पाठ देशभर दिसू लागला की ज्यांचा पाठ वगळला जातो ते बोलू लागतात. १९८८ मध्ये मालिका रामराज्याभिषेकाशी संपणार हे स्पष्ट झाल्यावर पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केले आणि संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. हे कामगार स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानतात. सीतेला आश्रय देणारे वाल्मीकी, लव-कुशांचा जन्म, हा भाग दाखवा, अशी त्यांची मागणी होती. सरकार नमले आणि उत्तरकथेचे भाग पुढे आले. पॉला रिचमन यांनी संपादित केलेले 'मेनी रामायणाज' (१९९१) हे पुस्तक याच घटनेपासून सुरू होते. या संपातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. प्रेक्षक नुसता पाहत नव्हता, आपली जागा मागत होता. आणि मागणी कोणाकडे? कथेकऱ्याकडे नव्हे, सरकारकडे. सहाणेवर नमन चालू असताना पुढ्यात बसलेला म्हातारा हटकू शकतो, वगाचा शेवट बदलायला लावू शकतो. दूरदर्शनच्या रामायणात बदल हवा तर शहरातला कचरा उचलणे थांबवावे लागले. हे अंतरच या माध्यमाचा स्वभाव सांगते.

राजकारणाचा प्रश्न या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारला जातो: मालिकेमुळे रामजन्मभूमीचे आंदोलन उभे राहिले का? इथे घाई करू नये. १९८८ च्या जूनमध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत अरुण गोविल काँग्रेसच्या प्रचाराला गेले होते, मालिका अजून चालू असताना. काँग्रेसचा उमेदवार विश्वनाथ प्रताप सिंहांकडून हरला. १९९१ मध्ये मात्र दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून भाजपचे खासदार झाले. पडद्यावरच्या चेहऱ्याची पुण्याई थेट मतांत उतरत असती तर रामाने हरायला नको होते आणि रावणाने जिंकायला नको होते. अरविंद राजगोपाल यांनी 'पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन' (२००१) मध्ये सावध मांडणी केली आहे. मालिकेने मते दिली नाहीत. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना आपण एकाच वेळी एकच पाहतो आहोत हे भान दिले आणि त्या भानाचा उपयोग संघटना असलेल्यांनी केला. कारण आणि निमित्त यांतली ही रेघ ज्याला सांभाळता येईल, त्यानेच या वादात शिरावे.

आता प्रभाव जिथे थबकला तिथे जाऊ. रत्नागिरीच्या गावात ग्रामदेवता असते. तिची कथा विचारली तर दोन वाक्यांत संपते: अमक्याला जमिनीत सापडली, तमक्याच्या स्वप्नात आली. पण तिच्या कामाबद्दल विचारले तर सांगणाऱ्याला दिवस पुरत नाही. सीमा कुठवर, मान कोणाचे आणि कोणत्या क्रमाने, गुरवाने कौल कसा लावायचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे. शिमग्यात तिची चांदीची रुपे बाहेर काढून पालखीत लावतात, पालखी सहाणेवर येते, मग घरोघर जाते, ओट्या भरल्या जातात, नवस फेडले जातात, मुंबईचे चाकरमानी खांद्यावर घेऊन पालखी नाचवतात. इथे देवीचा चेहरा आहे, पण तो बाराही महिने पाहण्यासाठी नाही. तो वर्षातून एकदा, ठरलेल्या मानकऱ्यांच्या हातून लागतो आणि मग आपल्या दारात येतो. देवी घरी येते खरी, पण वाट तिची असते आणि क्रम गावाचा असतो.

या भक्तीला मालिकेने हात लावल्याचे दिसत नाही. कारण सरळ आहे. मालिकेला कथा लागते आणि ग्रामदेवतेचे सारे बळ जागेत असते. जिची हद्द शेजारच्या गावाच्या वहाळाशी संपते, तिला देशभर दाखवून काय दाखवणार? इतका काळ रामायण-महाभारत घरात पाहून कोणी गावचा कौल सोडला नाही आणि पालखीचा मान दूरदर्शनवरून ठरवला नाही. म्हणून माझे म्हणणे असे: टीव्हीने कथेच्या देवांची भक्ती बदलली, जागेच्या देवांची नाही. देवाला जितकी कथा जास्त आणि जागा कमी, तितका तो पडद्यावर सहज गेला.

हे विधान तपासून पाहायला मराठी वाहिन्यांनी चांगली सामग्री दिली आहे. २०१४ च्या मे महिन्यात झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली आणि जवळजवळ तीन वर्षे चालली. खंडोबा हा जेजुरीचा, म्हणजे पक्का जागेचा देव. पण त्याच्याजवळ कथाही आहे: मणी-मल्लांशी युद्ध, म्हाळसा आणि बानू, दोन जातींतल्या दोन बायका. मालिकेने जेजुरीचा गड सोडला नाही, तरी वजन संसारावर आणि बानूच्या प्रेमकथेवर टाकले. म्हणजे जागेचा देव पडद्यावर आला तोही कथेच्या दाराने. पुढे विठोबा, जोतिबा, स्वामी समर्थ, बाळूमामा यांच्या मालिका आल्या. या यादीत कोकणातली पालखीची देवी शोधून पाहावी. कोकणातली दैवते आणि राखणदार यांचे जग वाहिनीवर ठळकपणे आले ते २०१६ च्या 'रात्रीस खेळ चाले'त, आणि तिथे ते भक्तीचे न राहता भयाचे झाले. ज्या श्रद्धेची कथा बाहेरच्याला सांगता येत नाही, ती बाहेरच्याला दाखवली की भुताटकी दिसते. यावर स्वतंत्र अभ्यास व्हावा.

अभ्यास करायचा कसा, याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली दिसण्याबद्दल. गावातल्या नमन मंडळाच्या रामाचा मुकुट मालिकेतल्या मुकुटासारखा दिसला की 'हे टीव्हीवरून आले' असे लिहून मोकळे व्हायचा मोह होतो. पण मालिकेने तो मुकुट, ते दागिने, तो पेहराव स्वतः कुठून घेतला? रविवर्म्याच्या मुंबईत छापलेल्या तसबिरी, पारशी आणि मराठी संगीत रंगभूमी, फाळक्यांपासूनचे पौराणिक चित्रपट आणि भिंतीवरची कॅलेंडरे यांतून. मंडळाने तो थेट त्याच कॅलेंडरावरून उचललेला असू शकतो. म्हणून साम्य हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे तारीख लागणारा फरक. मंडळाचे १९८७ आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवावे. कपडेपट भाड्याने आणत असतील तर तो कोणाकडून आणि कधीपासून, हे विचारावे. आणि बदललेली गोष्ट मालिका संपल्यावर किती वर्षे टिकली तेही पाहावे. एका मोसमात आली आणि गेली ती लाट. पुढच्या पोराने टीव्ही न पाहताही उचलली ती परंपरा.

दुसरी गोष्ट आठवणीबद्दल. टीव्हीला हार घातल्याचे सगळे सांगतात, पण जरा खोदून विचारले तर बहुतेक वेळा तो हार शेजारच्या घरात घातलेला असतो. वर्तमानपत्रांनी हे वर्णन इतक्यांदा छापले की ते पाहिल्यासारखे आठवू लागते. त्यात २८ मार्च २०२० ची भर पडली. टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा लावले, रोज सकाळी आणि रात्री. २ एप्रिलला रामनवमी आली तेव्हा देवळे बंद होती आणि राम टीव्हीवर होता. त्यामुळे आज १९८७ बद्दल बोलणाऱ्याच्या आठवणीत २०२० मिसळलेले असते. मुलाखत घेताना 'तुम्ही काय केलेत' एवढे विचारून भागत नाही. संच कोणाच्या घरात होता, कृष्णधवल की रंगीत, कोण कुठे बसले, कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले, वीज गेली तेव्हा काय झाले, असे विचारावे. आठवडाभर वाट पाहिल्याची गोष्ट निघाली तर ती आठवण बहुधा जुनी. रोज दोन वेळा पाहिल्याची निघाली तर ती टाळेबंदीची. हे दोन अनुभव भक्तीच्या दृष्टीनेही एक नाहीत. पहिल्यात आठवडाभराची चर्चा आणि वाट पाहणे होते, दुसऱ्यात रिकामा दिवस भरायचा होता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मोठ्या ग्रंथालयाची वाट पाहायचे कारण नाही. लुटगेनडॉर्फ, राजगोपाल, रिचमन आणि दिल्लीतल्या घरांमध्ये बसून हेच प्रेक्षक पाहणाऱ्या पूर्णिमा मंकेकर, एवढे वाचले की वाद कुठे आहेत ते कळते. पुढची सामग्री इथेच आहे: नमन मंडळांच्या वह्यांत लिहून ठेवलेले वग, जाखडीच्या शाहिरांची कवने, कीर्तनकारांची टिपणे, गणेशोत्सवातल्या देखाव्यांची छायाचित्रे, देवस्थानांची मानपानाची कागदपत्रे. यांतली एक वही घेऊन १९८७ च्या आधीचा आणि नंतरचा एकच वग ओळीने ताडून पाहिला, तरी पडद्यावरचा राम सहाणेपर्यंत आला की वाटेतच राहिला, याचे उत्तर त्या गावापुरते मिळेल. गावोगावची अशी उत्तरे जमली, की वर मांडलेले कथेचे देव आणि जागेचे देव हे विधान टिकते की मोडते तेही ठरेल. मोडले तर कुठल्या गावात आणि का मोडले, तिथून पुढचा अभ्यास सुरू करावा.